कडवं वर, ध्रुपद खाली

भारतने छपाईसाठी इतक्या लग्नपत्रिका संगणकावर मांडल्या होत्या की देवाचं गाणं म्हणजे चार कडव्यांची पत्रिकाच, असं त्याला वाटलं. देवळ्याहून नाशकात येऊन डीटीपीचं काम धरलेल्या या गड्याने पंचवटीतल्या भजनी मंडळाला पडद्यावर दाखवायच्या स्लाइड्स करून दिल्या. एका स्लाइडवर एक कडवं. ध्रुपद मात्र फक्त पहिल्या स्लाइडवर. तेच तेच पुन्हा कशाला, हा पत्रिकेतला हिशोब.

भजनात प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपदावर परतावं लागतं, हे त्याला भर कार्यक्रमात कळलं. पुढे बसून गात होत्या गोजराबाई. फुलांचा धंदा आणि मंडळाचा आवाज, दोन्ही वर्षानुवर्षं त्यांचेच. पण आजारपणानंतर पाठ असलेली कडवी निसटायला लागली होती, आणि प्रोजेक्टर भाड्याने आणला होता तो त्यांच्यासाठीच. साक्षरता वर्गात शिकलेलं वाचन त्या अक्षर जोडत जोडत करायच्या. बायकांनी ध्रुपद धरलं तसा भारत मागे पहिल्या स्लाइडवर धावला आणि परत येताना एक कडवं ओलांडून गेला. गोजराबाई पडद्यावर होतं ते गायल्या, बाकीच्या पाठ असलेलं. टाळ थांबले.

मंडळाचे चिटणीस विश्वेशराव कोणाला बोलले नाहीत. पुढच्या कार्यक्रमाला मंडळातल्याच शुभांगीताई पुढे बसून गातील, एवढंच त्यांनी जाहीर केलं.

भारत तोंड पाडून फुलांच्या गाळ्यावर गेला. चूक माझी, तुमची नाही, असं सांगू लागला. गोजराबाई हार ओवत म्हणाल्या, "लोकांनी तुला नाय पाह्यलं बाबा, मला पाह्यलं."

मग तो तिथंच रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसू लागला. त्या गुणगुणायच्या, जिथं श्वास घेतील तिथं तो ओळ तोडायचा. गडद निळ्यावर पांढरं, जाड, मोठं कडवं आणि प्रत्येक स्लाइडच्या तळाशी पिवळं ध्रुपद. आता मागं धावायचं कामच उरलं नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकू नये म्हणून ओळींत अंतर सोडलं. गोजराबाई रस्त्यापलीकडून वाचून दाखवायच्या आणि चुकल्या की फॉन्टला नावं ठेवायच्या.

विश्वेशरावांनी भारतच्या बऱ्याच विनवण्यांनंतर गोजराबाईंना एक गाणं दिलं, तेही कार्यक्रमातलं शेवटचं. गोजराबाईंनी आईकडून ऐकलेलं निवडलं. छापलेलं कुठंच नव्हतं. तीन कडवी त्यांना आठवली, चौथं काही केल्या येईना, म्हणून भारतने त्याची जागा मोकळी ठेवली.

कार्यक्रमात तीन कडवी पडद्यावरून सरळ उतरली, टाळ कुठं अडखळले नाहीत. चौथ्या स्लाइडवर वर नुसतं निळं, खाली ध्रुपद. गोजराबाई क्षणभर त्या निळ्याकडे बघत राहिल्या, मग ध्रुपद म्हणून थांबल्या. लोकांना वाटलं, गाणं एवढंच आहे.

पुढेही मंडळात शुभांगीताईच गात राहिल्या.

"एक कडवं तुझं देणं लागते," गोजराबाई त्या दिवशी सामान आवरताना म्हणाल्या होत्या. "आठवलं की निरोप धाडीन."

भारतने ती स्लाइड अजून पुसलेली नाही.