एका वाटीच्या लाह्या

मुलांच्या सिनेमासाठी थोरल्या जाऊबाईंनी पातेल्यात तेल तापवून मक्याचे दाणे टाकले, तेही तळाशी जेमतेम एक थर होईल एवढेच.

"ताई, पंधरा पोरं आहेत! एवढ्यात एकाचं तरी पोट भरेल का?" धाकटीने टोमणा मारला.

"अगं, एका वाटीच्या पंचवीस-तीस वाट्या होतात फुलून," असे बजावून थोरल्या जाऊबाई वाडगे आणायला गेल्या. तेवढ्यात धाकटीने आणखी दोन वाट्या दाणे ओतले.

त्या परतल्या तेव्हा लाह्यांनी झाकण उचलून धरले होते. अर्ध्या लाह्या शेगडीवर सांडल्या होत्या आणि तळाचे दाणे करपून स्वयंपाकघरात धूर कोंडला होता.

"झाकणच हलकं होतं," धाकटी म्हणाली.

थोरल्या जाऊबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मघाशी माझा हात आखडता होता, आणि आता दोष झाकणाचा?"

पुडीत उरलेले वाटीभर दाणे त्यांनी दुसऱ्या पातेल्यात दोन खेपांत फोडले. पंधराही वाडगे शिगोशीग भरले.

"माझ्या आईने केलं पॉपकॉर्न!" धाकटीची मुलगी ओरडली. धाकटी नुसतीच गालात हसली.

थोरल्या जाऊबाईंनी करपलेले पातेले तिच्यापुढे आदळले. "मग हेही तुझंच. घास!"