डमरू, सालपटं आणि भिवापूर

“हिचं गाव झालंबी, अन् ती अजून रेघाच जोडून राहिली.”

पार्टिशनच्या पलीकडून सर फोनवर कोणाला तरी सांगत होते. ‘हिचं’ म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीचं, आणि ‘ती’ म्हणजे मी. ती माझ्यानंतर चार महिन्यांनी कामाला लागली. सरांचा फोन चालू असताना ती चहा आणायला खाली गेली होती, त्यामुळे ते वाक्य फक्त मी ऐकलं. स्क्रीनवरची रेघ मी उगाच मोठी केली आणि परत लहान केली.

आमचं काम असं होतं. काटोल तालुक्यातल्या गावांचे जुने नकाशे स्कॅन होऊन यायचे. त्यांवरून शेतांचे गट कॉम्प्युटरवर आखायचे, मग उपग्रहाच्या चित्रातून काढलेल्या संत्र्याच्या बागा त्यांवर ठेवायच्या आणि कोणत्या गटात किती बाग आहे याचा तक्ता काढायचा. शेवटी सगळे गट एकत्र विरघळवून, म्हणजे मधल्या रेघा पुसून, गावाची एकच हद्द तयार करायची. पुढचा तालुका भिवापूर होता आणि त्याची जबाबदारी सर आमच्या दोघींपैकी एकीला देणार होते. मला ती हवी होती. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, घरी आईलासुद्धा नाही.

तिला मात्र काही मनात ठेवायची गरजच पडत नसे. ती मूळची काटोलची. तलाठ्यांशी फोनवर “काका, तुमच्या पांदणीचा घोळ सांगा ना जरा” असं बोलायची आणि काका सांगायचेही. मला तोच फोन लावायचा तर आधी मनात वाक्य जुळवावं लागे. शाळा इंग्रजी, घर शहरातल्या नंदनवन वस्तीतलं. घरात आई-बाबा आणि मी. अनोळखी माणसाशी मराठीत बोलताना मी अजूनही परीक्षेला बसल्यासारखी बोलते. ऑफिसात ती मला ‘मॅडम’ म्हणायची. “काहून वं मॅडम, जेवत नाहीस?” सगळे हसायचे, मीही हसायची.

दोन गटांची सामाईक हद्द वेगवेगळी आखली गेली की मध्ये एक लांब, बारीक पट्टी उरते. तिला इंग्रजीत स्लिव्हर म्हणतात. माझ्या शेजारणीने पहिल्याच आठवड्यात अशा पट्ट्यांना ‘सालपटं’ म्हटलं, संत्र्याची सालं असतात तशी. आता सरही सालपटंच म्हणत. माझ्या डोक्यातही तोच शब्द यायचा आणि दर वेळी खटकायचा.

मला वेळ लागत होता तो या सालपटांमुळेच. सगळ्या बारीक पट्ट्या निवडून शेजारच्या गटात ढकलणारं बटण आहे, पण बारीक दिसणारी प्रत्येक पट्टी चूक नसते. एखादी खरी पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट असते, एखादा नाला असतो. म्हणून मी प्रत्येक पट्टी स्कॅन केलेल्या नकाशावर जाऊन पाहायची, मगच मिटवायची. दोन गट एकमेकांवर चढले असतील तर ती जमीन कोणाची हेही तिथेच पाहायचं. नाही तर तीच बाग दोघांच्या नावावर मोजली जाते. शिवाय डमरू होते. हद्दीचा एखादा बिंदू उलट्या क्रमाने पडला की रेघ स्वतःलाच कापते आणि शेताचा डमरू होतो. अशा आकाराचं क्षेत्रफळ भरवशाचं नसतं आणि सॉफ्टवेअर पुढे जायला नकार देतं. मी दुरुस्तीची आज्ञा चालवायची आणि नंतर निघालेला आकार डोळ्यांनी तपासायची, कारण आकार नियमात बसला तरी तो शेताचाच आकार असेल असं नाही.

तिचं गाव एका दुपारीत कसं झालं, हा प्रश्न मला छळत होता. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, एवढंच उत्तर मला सुचायचं.

तिचं गाव माझ्या गावाला लागून होतं. दोन्ही हद्दी जुळतात का ते पाहण्यासाठी मी तिची फाइल उघडली. तिने तयार हद्दीच्या खाली मूळ गट त्याच रंगात ठेवले होते, त्यामुळे गाव भरलेलं दिसत होतं. मी खालचा थर बंद केला. गावाच्या पोटात पांढऱ्या खिडक्या उघडल्या.

एका खिडकीवर जाऊन मी मूळ गट पाहिला. डमरू. दुसऱ्या खिडकीवरही डमरूच. मग सेटिंग उघडून पाहिलं. बिघडलेला आकार दिसला की काम थांबवावं, ही नेहमीची निवड बदलून तिथे ‘वगळा’ केलं होतं. सॉफ्टवेअरने ते गट गुपचूप बाजूला ठेवले होते. तक्त्यातही ते नव्हते. ज्यांची शेतं अशी गळली, त्यांच्या बागा कागदावर उरल्याच नव्हत्या.

मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सरांसमोर दोघींचे नकाशे लागणार होते. मी गप्प बसले असते तर तिथे खालचा थर बंद करायला एक क्लिक पुरली असती, आणि ती क्लिक माझी असती. मी ते दृश्य मनात दोनदा पाहिलं.

ती चहा घेऊन आली. माझा कप माझ्यासमोर ठेवला, साखर कमी, मला लागते तशी. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

“अरे बाप,” ती म्हणाली. “हे काहून झालं?”

मी सेटिंगवर बोट ठेवलं.

“एक व्हिडिओ पाह्यला होता. एरर येऊन राहिला होता ना सारखा, तर त्यानं सांगितलं हे कर. मले वाटलं, दुरुस्त करते.” तिने खुर्ची ओढली. “बस ना माझ्यापाशी. तुले हे नीट येते.”

आम्ही संध्याकाळपर्यंत डमरू सोडवले. ती मध्ये मध्ये तलाठ्याला फोन लावून हद्द विचारायची. मला नकाशावर शोधायला वेळ लागला असता ते तिला एका हाकेत कळायचं. मदत करतानाही मी तिचा हेवा करत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचा नकाशा पाहून मान डोलावली. “सही आहे,” ते म्हणाले.

“सर, माझं गाव फुटकं होतं,” ती सहज म्हणाली. “गट गळले होते अर्धे. हिनं पकडलं. हिनंच शिकवलं मले.”

तिला लाज वाटली नाही. आवाजही बदलला नाही. माझी चूक कोणी दाखवली असती तर मी आठवडाभर कोणाकडे पाहिलं नसतं. काल मी मनात रंगवलेलं दृश्य तिने स्वतःच उघड करून टाकलं आणि ते इतकं साधं निघालं. तिच्या हुशारीपेक्षा मला त्या साधेपणाचा जास्त राग आला.

सर हसले. “हे बरं केलं. दोघी मिळून काम करता, मग काय टेन्शन.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “तर भिवापूर तू घे. लोकांशी बोलणं तुले जमते. ही आहेच तुझ्या मदतीले.”

“चालते ना सर,” ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली. तिच्या दृष्टीने ही आम्हा दोघींसाठी चांगली बातमी होती.

सरांनी लॅपटॉप मिटायला घेतला. माझ्या मनात वाक्य इंग्रजीत तयार होत होतं, विनंती, कारणं, माफी, सगळं नीट रचलेलं. त्यातलं काहीच तोंडातून आलं नाही.

“सर,” मी म्हणाले, “भिवापूर मला हवंय.”