पलंगावरून दिसेल तेवढंच

रोपवाटिकेतल्या अक्का गिऱ्हाइकानं पाठवलेला फोटो बघून बाल्कनीत काय लावायचं ते सांगत. सावली किती लांब, भिंतीला ओल कुठे, दोरीवरचे कपडे वाऱ्यानं कुठल्या अंगाला झुकलेत, सगळं त्या हेरत. मालक म्हणे, आमच्या अक्का फोटोवरून कुंडली मांडतात.

त्या सकाळी एका बाईकडून फोटो आला. खाली फक्त दोन शब्द: ‘काही सुचतंय?’

छोटी बाल्कनी, समोर लोखंडी आडवा दांडा, ऊन भरपूर. अक्कांचा नेम होता, आधी तीन गोष्टी विचारायच्या: फोटो किती वाजताचा, ऊन किती वेळ राहतं, पाणी कोण घालणार. त्या दिवशी गर्दी होती. त्यांनी न विचारताच लिहून टाकलं की कठड्याच्या दांड्याला लांबट कुंड्या अडकवा, टोमॅटो लावा, अडीच-तीन महिन्यांत फळ धरेल.

उत्तर दुपारी आलं. “तो कठडा नाही, माझ्या पलंगाचा पायथा आहे. मी उठत नाही. तीन महिने डॉक्टरांनी दिलेले नाहीत.”

अक्कांनी फोटो पुन्हा उघडला. आता सगळं दिसलं. फोटो उशीवरून काढलेला होता. दांड्यावर चादरीची घडी होती. बाल्कनीची भिंत पलीकडे, छातीएवढी. तिच्याआड जमिनीवर काहीही लावलं तरी त्या बाईला दिसलं नसतं. शब्द माघारी घेता येत नाहीत. मातीचे हात फोनला लागत राहिले.

मग त्यांनी तिन्ही प्रश्न विचारले. ऊन दहापर्यंत, पाणी जाऊबाई घालते, हे कळलं. अक्कांनी लिहिलं: पलंग आणि बाल्कनीच्या दाराच्या मध्ये उंच स्टूल, त्यावर उथळ ट्रे. मेथी रात्रभर भिजवा, पसरा, वर बोटाच्या पेरापेक्षा पातळ माती. तीन-चार दिवसांत उगवते. याहून लवकर येणारं त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

मालकानं सुचवलं, आपल्याकडचा उगवलेला ट्रेच देऊन टाका. बाईनं नको म्हणून कळवलं. उगवलेलं तिनं पुष्कळ पाहिलं होतं. उगवताना पाहायचं होतं.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशीही बाईचा निरोप आला नाही, तेव्हा अक्का कलमं बांधताना चुकू लागल्या. बी जुनं असेल का, जाऊबाईनं पाणी जास्त घातलं असेल का, की विचारायलाच कोणी उरलं नसेल.

चौथ्या दिवशी फोटो आला, तसाच उशीवरून, जरा हललेला. ट्रेमध्ये नुसती काळी माती. खाली तेच: ‘काही सुचतंय?’

अक्कांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. डाव्या कोपऱ्यात मातीची एक पापडी जेमतेम उचलली गेली होती, खालून कुणी ढकलावी तशी.

त्यांनी बोटानं तिच्याभोवती लाल गोल काढला आणि फोटो परत पाठवला.