बरोबरताईंची एक ओळ

बरोबरताईंकडे चहा मागणं सोपं नव्हतं. नवरा म्हणायचा, "जरा चहा टाक." ताई ओट्यापाशी जाता जाता विचारायच्या, "आत्ता, दोघांना, तुमचा बिनसाखरेचा. बरोबर?" नवऱ्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. चहा तो चहा, त्यात काय विचारायचं! पण अधूनमधून तोच मान वर करून म्हणायचा, "अगं नाही, तिघांना. शेजारचे येतायत." हे मात्र तो नंतर सोयीस्करपणे विसरायचा आणि पाहुण्यांसमोर बायकोची नक्कल करून हशा मिळवायचा.

नाव पडलं ते कामावर. ताई वीज उपकेंद्रात ऑपरेटर होत्या. गावाबाहेर, जाळीच्या कुंपणामागे, दिवसरात्र घुमणाऱ्या ट्रान्स्फॉर्मरशेजारची ती एक खोली. एका भिंतीला लोखंडी पॅनेलची रांग आणि त्यावर लाल-हिरवे दिवे. समोर टेबल, टेलिफोन, मोबाइल, आणि खिळ्याला टांगलेल्या कुलपाच्या किल्ल्या. इथून निघणाऱ्या लाइनी कुणाच्या घरी जातात, कुणाच्या गिरणीत, कुणाच्या दवाखान्यात. कुठे दुरुस्ती निघाली की लाइनमन फोन करून लाइन बंद मागतात, ताई ती बंद करतात आणि काम संपल्याचा निरोप आला की पुन्हा चालू करतात. मधल्या वेळात खांबावर चढलेल्या माणसाचा जीव ताईंच्या हातात असतो. एवढीच नोकरी.

ही सवय त्यांना लावली त्यांच्या आधीच्या ऑपरेटरनं. तो म्हातारा तोंडाचा फटकळ होता. ताई नव्या असताना निरोप आला की जसाच्या तसा परत म्हणायच्या. म्हातारा उखडला. "पोपट आहेस का? त्याचेच शब्द त्याला परत दिलेस तर तो डोळे मिटून हो म्हणेल. तुला काय समजलं आणि तू आता काय करणार आहेस, ते सांग. जे तो बोललाच नाही पण धरून चाललाय, ते आधी सांग. आणि एका ओळीत. लांबण लावलीस तर ऐकणारा कंटाळून हो म्हणून मोकळा होतो." ताईंनी ते असं काही मनावर घेतलं की घरात भाजी आणायची असली तरी ओळ तयार.

सगळ्यात जास्त वैतागायचा तो त्यांचा धाकटा भाऊ. तोही याच खात्यात, लाइनमनांच्या टोळीचा मुकादम. हाताला हुशार आणि रागाला नाकावर जागा दिलेला. टोळीसमोर बहीण आपल्याला परत परत विचारते, याची त्याला लाज वाटायची. त्या दिवशी सकाळी गिरणीची लाइन बंद मागायला त्यानं फोन केला तेव्हाही तेच झालं.

"गिरणीची लाइन दे गं. नदीजवळ तार बदलायचीय."

"गिरणीची लाइन बंद करून अर्थिंग देते, तुम्ही चौघं, दवाखान्याचीही वीज जाईल. बरोबर?"

"बरोबर, बरोबर! ताई, तू नुसतं बटण दाबत जा ना. माझी पोरं हसतात."

मागे खरंच कुणीतरी खिदळलं. ताईंना लागलं. पण त्यांनी लाइन बंद केली, अर्थिंग दिलं, म्हणजे आपल्या बाजूनं ती जमिनीशी जोडली, चुकूनही वीज शिरली तर सरळ मातीत जाईल (कामाच्या जागी टोळी हेच साखळ्या लावून करते), कुलूप घातलं, 'माणसं कामावर आहेत' ही पाटी लटकवली आणि किल्ली कनवटीला मारली. खिळ्यावर टांगायची किल्ली त्यांनी त्या दिवशी कनवटीला का मारली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. राग असेल.

दुपारी खोलीत साहेब आले. साहेब म्हणजे या भागाचे इंजिनिअर, तसे भले गृहस्थ. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दवाखान्याचा जनरेटर आचके देत होता. आत ऑपरेशन चालू होतं, आणि डॉक्टर दर थोड्या वेळानं त्यांना फोन करून वीज कधी येणार म्हणून विचारत होते. दुसऱ्या लाइनीवरून वीज वळवायची, तर तिथला स्विच आधीच बिघडून पडला होता.

इतक्यात ताईंचा मोबाइल वाजला. नदीकाठी फोनला रेंज धड नसायची, आवाज तुटायचा, म्हणून तिथून मेसेजच यायचे. भावाचाच होता. "काम झालं. साखळ्या काढल्या. लाइन चालू कर."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "चला! टाका लवकर."

ताई ओळ लिहायला लागल्या होत्या. त्यांचा अंगठा भरभर चालला. "चौघंही खाली, खांबांपासून दूर, साखळ्या काढलेल्या, गिरणीची लाइन चालू करते. बरोबर?" आणि पाठवून दिली.

उत्तर आलं नाही.

साहेब येरझारा घालायला लागले. ताईंनी फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच.

"ताई, त्यानं लिहून दिलंय," साहेब म्हणाले. "माणूस जुना आहे, जाणता आहे. तुमचाच भाऊ आहे. आणखी काय हवं?"

"माझ्या ओळीला हो हवं."

"रेंज गेली असेल."

"असेल. पण गप्प राहणं म्हणजे हो नव्हे, साहेब."

टेबलावरचा टेलिफोन खणखणला. साहेबांनी उचलला, नुसतं "हो डॉक्टर, हो, होतंय" म्हणाले आणि ठेवला. त्यांच्या कानशिलावर घाम आला होता. "जनरेटर बंद पडला. ते टॉर्च धरून बसलेत." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "जबाबदारी माझी. लिहून देतो. किमान तुमच्या बाजूचं अर्थिंग तरी काढून ठेवा, म्हणजे हो आलं की क्षणात टाकता येईल."

ताईंनाही ते पटत होतं. खरंच पटत होतं. तिथं दवाखान्यात टेबलावर कुणीतरी पोट उघडं टाकून पडलेलं होतं, त्याच्याही घरची माणसं बाहेर बाकावर बसलेली असणार. त्यांचा हात कनवटीपर्यंत गेला. किल्लीचे दात बोटाला लागले. भाऊ बरोबरच सांगत असेल, तो काही लहान नाही. सकाळचा त्याचा टोमणा आठवला आणि एकदा वाटलं, दाबावं बटण, होऊ दे त्याच्या मनासारखं. असं वाटलं याचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली.

"अर्थिंग नाही काढणार, साहेब. जबाबदारी तुमची असेल, पण वर चढलेला माणूस माझ्याकडे ठेवलेला आहे."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते पॅनेलकडे दोन पावलं आलेही. ताई उठून कुलपापुढे उभ्या राहिल्या. साहेब थांबले. बाईला ढकलून कुलूप तोडण्यातले ते नव्हते. ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून राहिले.

मोबाइल थरथरला.

"थांब"

नुसतं एवढंच. ताईंनी ते साहेबांपुढे धरलं. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डॉक्टरांना फोन लावला. "आणखी थोडा वेळ लागेल. माणूस आहे लाइनवर," ते म्हणाले.

ताई उभ्याच होत्या. कुणाचं काय झालं, भाऊच तर वर नाही ना, काही कळायला मार्ग नव्हता. म्हाताऱ्या ऑपरेटरची शिकवण, नवऱ्याचा चहा, लहानपणी भावाला काखेत घेऊन फिरवलेलं अंगण, सगळं एकात एक मिसळलं. त्यांनी देवाला हात जोडले नाहीत, कारण एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्यात किल्ली.

नदीकाठी काय झालं होतं ते त्यांना नंतर कळलं. टोळीत एकजण होता, सगळे त्याला मौनी म्हणायचे. दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. पलीकडच्या खांबावरची अर्थिंगची साखळी काढायचं काम त्याचं. त्यानं ती काढली, खाली सोडली, दुसऱ्यानं उचलून गाडीत आणून टाकली. मुकादमानं गाडीत साखळ्या पाहिल्या, सगळ्या आलेल्या, म्हणून मेसेज केला. मौनीला मात्र उतरता उतरता चिनी मातीच्या इन्सुलेटरवरची तार सैल दिसली. तो कुणाला काही न सांगता पुन्हा वर चढला आणि तार आवळायला लागला. खालून झाडीमुळे तो दिसत नव्हता. आणि त्याच्या बाजूची साखळी तर त्यानंच काढलेली, म्हणजे आधार उरला होता तो फक्त ताईंच्या बाजूच्या अर्थिंगचा.

ताईंची ओळ आली तेव्हा मुकादम नेहमीसारखा वैतागला होता. "बरोबर" लिहायला अंगठाही टेकवला होता. पण वाचताना 'चौघंही खाली' म्हणून त्याची नजर सवयीनं माणसांवर फिरली. एक, दोन, आणि आपण स्वतः. मग तो मोबाइल गवतात टाकून खांबाकडे धावत सुटला. 'थांब' लिहिलं ते टोळीतल्या दुसऱ्यानं, गवतातून मोबाइल उचलून.

बऱ्याच वेळानं टेलिफोन वाजला. भाऊ रस्त्यापर्यंत चढून आला होता, तिथे आवाज लागायचा.

"ताई," तो म्हणाला. नुसता धापा टाकत होता.

ताईंना विचारायचं होतं, तू ठीक आहेस ना रे? त्यांनी तो प्रश्न गिळला. "चौघंही खाली, खांबांपासून दूर, साखळ्या काढलेल्या, गिरणीची लाइन चालू करते," त्या म्हणाल्या. "बरोबर?"

"थांब, एकेकाला देतो," भाऊ म्हणाला. "मी आहे."

फोन हातोहात गेला. "मी आहे, ताई," एकजण म्हणाला. सकाळी खिदळलेला बहुतेक तोच. "मी पण आहे," दुसरा म्हणाला.

मग काहीच ऐकू येईना. वाऱ्याचा आवाज, कुणाचा तरी श्वास. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले होते. ताईंनी रिसीव्हर कानात रुतेल इतका दाबून धरला आणि वाट पाहिली. घाई करावी असं त्यांना वाटलं नाही, त्या माणसाला बोलायला वेळच लागायचा.

"आहे," मौनी म्हणाला.

ताईंनी कुलपात किल्ली घातली.