प्रश्न तयार ठेवा

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आमच्या घरी ब्रॉडबँड आलं तेव्हा मी नागपूरची नोकरी सोडून आईवडिलांकडे राहायला आले होते. त्याच सुमारास नागपूरच्या एका कंपनीनं मला घरबसल्या काम दिलं. कंपनी ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी एक यंत्र विकायची आणि पालकांसाठी दर महिन्याला वेबिनार घ्यायची. वेबिनार हा शब्द मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. वडिलांना समजावताना मी म्हटलं, "डॉक्टर नागपुरात बोलणार, लोक आपापल्या घरी कॉम्प्युटरवर ऐकणार."

"अन् विचाराचं असन त?" वडिलांनी विचारलं.

"टाइप करून विचारायचं. डॉक्टर तिथल्या तिथं उत्तर देतात."

"हौ? मग चांगलं हाय."

माझं काम आठवणीच्या ईमेलचं. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला तीन मेल जायचे: आठवडाभर आधी, एक दिवस आधी आणि एक तास आधी. मजकूर एकदा लिहून सॉफ्टवेअरमध्ये वेळ लावून ठेवला की ते आपोआप सुटायचे. उशिरा नाव देणाऱ्याला पहिला मेल मिळत नसे, उरलेले दोन मिळत. प्रत्येकाची जोडणीची लिंक वेगळी असायची आणि ती तिन्ही मेलमध्ये द्यायची, कारण आधीचा मेल शोधत बसायला कुणाला सांगायचं नाही.

हे काम मला मनापासून आवडलं होतं. आठवड्याआधीच्या मेलमध्ये विषय काय, डॉक्टर कोण, वेळ कोणती हे निवांत सांगायचं आणि शेवटी लिहायचं, "तुमच्या मुलाबद्दलचा प्रश्न आतापासून तयार ठेवा." एक दिवस आधी कामाचं बोलायचं: लिंक आजच उघडून पाहा, स्पीकर किंवा हेडफोन चालतो का बघा, प्रश्न कागदावर लिहून जवळ ठेवा. एक तास आधीचा मेल अगदी छोटा. लिंक सगळ्यात वर, आणि खाली एकच ओळ, "डॉक्टर तुमच्या प्रश्नाची वाट पाहत आहेत." ती ओळ साहेबांनी सुचवलेली. साहेब म्हणजे कंपनीचा मालक. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, सगळं बोलणं फोनवर.

पहिला वेबिनार मी लिंक तपासण्यासाठी पूर्ण ऐकला. पडद्यावर चित्रं सरकत होती आणि मागे डॉक्टरांचा मऊ आवाज. मध्येच ते खोकले, "माफ करा" म्हणाले, पाणी प्यायले. शेवटी रायपूरच्या एका आईचा प्रश्न त्यांनी वाचून दाखवला आणि इतक्या मायेनं उत्तर दिलं की माझे डोळे भरून आले.

पुढच्या महिन्यात आठवड्याआधीचा मेल गेला आणि आमच्याच जिल्ह्यातल्या तिरोडीहून एका शाळामास्तरांचं उत्तर आलं. मुलगी सात वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. मेल सायबर कॅफेत वाचला, पण त्या दिवशी तिथं इंटरनेटची लाइन राहील याचा भरवसा नाही, तर काय करावं? मी लिहिलं, मी बालाघाटलाच राहते, आमच्या घरी या.

ते बसनं आले. सोबत बायको आणि दोन वेण्या घातलेली मुलगी. मास्तरांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तुमच्या मेलमंदी लिवलं होतं ना ताई, प्रश्न तयार ठेवा म्हणून. तीन दिवस झाले आमी लिवून राह्यलो."

त्यांच्या बायकोनं हळूच म्हटलं, "माहा एक प्रश्न हाय त्यात. पोरगी मले माय म्हणन का?"

माझ्या आईनं मुलीच्या हातात लाडू दिला. मी लिंक उघडली, मास्तरांना खुर्चीवर बसवलं. डॉक्टर बोलू लागले. भाषण मागच्या महिन्याचंच होतं, पण पालक नवे, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मास्तर एकेक शब्द टिपून घेत होते. प्रश्न मी टाइप करून पाठवला. तेवढ्यात डॉक्टर खोकले. "माफ करा," म्हणाले. पाणी प्यायले.

मला वाटलं, योगायोग. पण मग रायपूरच्या त्याच आईचा तोच प्रश्न आला, तेच उत्तर, त्याच मायेनं. पलीकडे कुणीच नव्हतं. साहेबांच्या कॉम्प्युटरवर टेप लावलेली होती, आणि आमचा प्रश्न कुठल्या तरी रिकाम्या चौकोनात पडला होता.

मास्तर पडद्याकडे बघत वाट पाहत राहिले. चित्रं थांबली, यंत्राचा फोटो आणि फोन नंबर आला.

"आपला नंबर नाही लागला वाटते," ते बायकोला म्हणाले. "लोकं लय असतीन."

मला खोटं बोलवेना. "मास्तर, तिथं कोणीच नाही. हे आधी भरून ठेवलेलं आहे. मलाही आत्ताच कळलं."

मास्तरांनी कागदाची घडी घालून तो परत खिशात ठेवला. त्यांची बायको म्हणाली, "मंग काहून बलावलं?" मुलगी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

ते गेल्यावर मी साहेबांना फोन लावला. ते हसले. "अहो मॅडम, डॉक्टर काय दर महिन्याला रिकामे बसलेत? एकदा बोलले ना, पुरे. लोकांना आपण लाइव्ह आहोत असं वाटलं पाहिजे. तुमच्या मेलनीच तर ते वाटतं. फार छान लिहिता तुम्ही."

"आणि प्रश्न?"

"प्रश्न लिहायला लावले की माणूस येतोच. तेवढ्यासाठीच असतात ते."

फोन ठेवून मी मोरीत जाऊन चूळ भरली. कुणी तोंडावर थुंकलं असतं तरी इतकी किळस आली नसती. त्यांचं कौतुक अंगाला चिकटल्यासारखं झालं होतं. वडिलांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "लेकराच्या कानाचाबी धंदा करते हा माणूस. थू!"

मी काम लगेच सोडलं नाही. पुढच्या वेबिनारचे पहिले दोन मेल आधीच लावलेले होते, ते गेले. एक तास आधीचा मात्र मी उघडून बदलला. लिंक वर तशीच ठेवली. खाली लिहिलं, "हा कार्यक्रम थेट नाही, आधी ध्वनिमुद्रित केलेला आहे. तुमचा प्रश्न कुणी वाचणार नाही. मुलाला सरकारी रुग्णालयातल्या कानाच्या डॉक्टरांना दाखवा." मेल सुटला. सुटलेला मेल परत घेता येत नाही, हे साहेबांनाही ठाऊक होतं. त्यांचा फोन आला तो शिव्यांनीच सुरू झाला. त्याच संध्याकाळी माझा पासवर्ड बंद झाला.

मास्तर मुलीला नागपूरच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. तिथं तपासणी झाली, कानाला यंत्र मिळालं, साधं. बोलायला ती उशिरा शिकेल, किती शिकेल ते सांगता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. मास्तर मला फोनवर म्हणाले, "खरं सांगतलं त्यायनं. बरं वाटलं."

कंपनीचे वेबिनार चालूच राहिले. माझ्या जागी दुसरं कुणी तरी आलं.

त्या शेवटच्या मेलला काही उत्तरं माझ्यापर्यंत पोहोचली होती, पासवर्ड बंद व्हायच्या आधी. दोघांनी आभार मानले. एका बाईनं हिंदीत लिहिलं होतं, कार्यक्रम संपल्यावर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, मी पोराला नवे कपडे घालून पडद्यासमोर बसवलं होतं. त्या बाईला मी काय उत्तर देणार होते? मला राग साहेबांचाच आला. यंत्र विकल्यापेक्षाही त्या आईला पोराला नवे कपडे घालायला लावल्याचा.