अंथरुणाला खिळलेले बाबा

बी.कॉम. झाल्यावर मी उरणमधल्या एका नोकरी मार्गदर्शन क्लासला जात होते. न्हावा शेव्याच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत डॉक्युमेंटेशनसाठी फ्रेशर हवे होते. बायोडेटासोबत कव्हर लेटर मागितलं होतं.

माझ्या बायोडेटात चारच मुद्दे होते. बी.कॉम., टॅली, कॉलेजच्या महोत्सवाचा हिशेब आणि कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात दोन महिने शिकाऊ काम. तिथे मी इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवरचं वजन, नगांची संख्या शिपिंग बिलाच्या, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला द्यायच्या कागदाच्या, मसुद्याशी ताडून बघायचे.

क्लासच्या सरांनी तोंडातला गुटखा गालात सारला आणि चिकट कीबोर्डवर जुनंच पत्र उघडलं. ‘डायनॅमिक’, ‘पॅशनेट’ तसंच ठेवून माझं नाव घातलं. ताडून बघण्याच्या कामाचं ‘संपूर्ण निर्यात विभाग सांभाळला’ झालं. शेवटी एक ओळ जोडली.

“सर, हे काय?”

“गरिबी लिहायची. कामाला येते.”

प्रिंट घेऊन घरी आले. बाबा बंदरात ट्रेलर चालवतात. जेवता जेवता म्हणाले, “वाच की, काय लिवलंय.”

मी ते इंग्रजी पत्र मराठीत सांगत गेले आणि त्या ओळीशी अडखळले. “वडील अंथरुणाला खिळलेले असून घराची जबाबदारी माझ्यावर आहे.”

बाबांनी ताट सरकवलं. “मी खिळलोय, व्हय? अशी नोकरी नको आपल्याला.”

मला स्वतःचीच शिसारी आली. तो कागद हातात धरवेना. मी नवीन पत्र लिहायला बसले. कुठल्या जागेसाठी अर्ज, ब्रोकरकडे नेमकं काय केलं, त्याचा या कामाला उपयोग काय, कधीपासून रुजू होऊ शकते. अर्ध्या पानात संपलं. सकाळी मेल करायला क्लासला गेले, तर सर म्हणाले, “तुझं कालच पाठवलं.”

मुलाखतीला बोलावणं आलं. एचआरच्या मॅडमनी आधी पाणी पुढे केलं. मग हळू आवाजात विचारलं, “बाबा कसे आहेत आता?”

मी पिशवीतून माझं पत्र काढलं. “ठणठणीत आहेत. आत्ता ट्रेलर घेऊन बंदरातच असतील. ते पत्र क्लासने लिहिलंय, मॅडम. माझं हे.”

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. “अशी आजारी वडिलांची पत्रं मला रोज येतात,” त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरही वीट आल्यासारखं दिसत होतं. मग माझ्या पत्रावर बोट ठेवून वजन जुळलं नाही तर मी काय करायचे ते विचारलं. मी सांगितलं, स्वतः काही बदलायचे नाही, ब्रोकरच्या माणसाला दाखवायचे, तो माल पाठवणाऱ्या पार्टीला विचारायचा.

मला ट्रेनी म्हणून घेतलं.

महिन्याभरात क्लासच्या बाहेर फ्लेक्स लागला. त्यावर माझा फोटो, खाली ‘आमच्या कव्हर लेटरमुळे थेट नोकरी’. मी आत जाऊन काढायला सांगितलं. सर हसले, दात लाल. “जाहिरात आहे गं. तुझं काय जातंय?”

त्यांच्या शेजारी नवीन मुलगी बसली होती. स्क्रीनवर तेच पत्र उघडं होतं. मी तिला म्हटलं, “शेवटची ओळ वाचून घे.” सरांनी मला बाहेर काढलं. फ्लेक्स मात्र पावसाळाभर तिथेच होता.