फीच्या उताऱ्यासाठी अर्ज

माझा स्वभाव तापट. शाळेत असताना तर फारच. अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, होते तेव्हा पनवेलच्या आमच्या हायस्कूलच्या ऑफिसला मी एक पत्र लिहिलं होतं. त्यातलं प्रत्येक वाक्य मला आजही पाठ आहे, आणि प्रत्येकाची लाज वाटते.

झालं असं की पौषात मॅट्रिकच्या परीक्षेचे फॉर्म भरायला सुरुवात झाली. त्या महिन्याची फी आबांनी, माझ्या वडिलांनी, माझ्याच हातात दिली, कारण मिठागरात बांध घालायचं काम जोरात होतं आणि त्यांचा खाडा झाला असता. मी ऑफिसच्या खिडकीत पैसे दिले. कारकुनाने पावती फाडून दिली. खाली शाईने लिहिलं होतं, 'मागील बाकी चार महिने.' बाकी असेल तर फॉर्म घेत नाहीत, हे सगळ्या शाळेला ठाऊक. मुदत संपायला तीन दिवस होते.

मी घरी आले ती तणतणतच. आमचं गाव ओवे गावाच्या अंगाला, खाडीच्या काठी. आबा पायाचा चिखल धूत होते. मी विचारलं, "भाद्रपदापासून माझी फी भरलीच नाही का?"

"दर मयन्याला भरलीय," आबा म्हणाले.

"मग पावत्या कुठायत?"

"हायेत." एवढं बोलून ते पाणी ओतत राहिले.

आबा खोटं बोलत नसत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून कारकुनाने फसवलं, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. कारकूनही नवा होता, दिवाळीच्या आधी आलेला. मग काय, रात्री वहीचं पान फाडून मी पत्र लिहिलं. 'माझ्या पालकांनी दरमहा रोख भरणा केलेला असताना मिळालेली पावती त्याशी जुळत नाही. भरलेले पैसे कोठे गेले याचा आपल्या ऑफिसने खुलासा करावा आणि फीचा दुरुस्त उतारा त्वरित द्यावा.' पुढे 'अशिक्षित माणसाच्या अज्ञानाचा गैरफायदा' असंही काहीतरी होतं. ते लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. आबांना मी ते दाखवलं नाही. खाली माझीच सही ठोकली.

घरात त्या वर्षी कुणी कुणाला फारसं काही दाखवत नव्हतं. माझा भाऊ, माझ्याहून वर्षाने लहान, त्याच शाळेत दहावीत होता. श्रावणात नागपंचमी झाली आणि त्याला मुदतीचा ताप आला. एकविसाव्या दिवशी तो गेला. आईने त्याचं दप्तर खुंटीवरून काढलं नाही. मीही त्याचं नाव घेत नसे. घेतलं की आई उठून बाहेर जायची.

दुसऱ्या दिवशी पत्र वाचून कारकून लाल झाला. आवाज न चढवता म्हणाला, "पालकांना घेऊन ये. त्यांच्या पावत्याही आण."

मी आबांना खाडा करायला लावला. वाटेत माझी टकळी चालूच होती. हिशेब कसा मागायचा, हेडमास्तरांकडे कसं जायचं. आबा डोक्याला मुंडासं बांधून पुढे चालत होते. मधूनमधून कनवट चाचपत होते. मला वाटलं, ऑफिसला घाबरले.

खिडकीपाशी आबांनी कनवटीची पिशवी सोडली आणि चार पावत्या काढून फळीवर ठेवल्या. मी त्या उचलल्या. चारही पावत्यांवर माझ्या भावाचं नाव होतं.

कारकुनाने पावतीपुस्तकात ऑफिसकडे राहिलेल्या स्थळप्रती काढल्या, मग फीचं रजिस्टर. दोन्हीकडे तेच. "भाद्रपदाची पावती आधीच्या कारकुनाने केलेली. पुढच्या तीन माझ्या," तो म्हणाला. "मी दर वेळी विचारलं, मुलाची की मुलीची? हे म्हणाले, पोराची. एकाचीच भरायला जमतंय, पोराची घ्या. मला वाटलं, मुलगा आजारी असेल."

वर्गाच्या हजेरीतून भावाचं नाव सरांनी तेव्हाच काढलं होतं. मीच तर सांगितलं होतं त्यांना. पण ऑफिसच्या रजिस्टरातलं नाव पालकांचा अर्ज आल्याशिवाय कमी होत नाही, आणि तो अर्ज कुणी दिलाच नव्हता. थकबाकीदारांची यादी दर महिन्याला वर्गात वाचली जाई. त्यात माझं नाव असणार. पण घरात दुःख झालेलं म्हणून सरांनी ते वाचलं नाही, हे मला नंतर कळलं.

मी आबांकडे वळले. सगळ्या ऑफिससमोर विचारलं, "का केलंत असं?"

"फी नाय भरली की नाव कापतात ना," आबा म्हणाले. "तुमीच दोघा सांगायचाव."

सांगायचोच. लहानपणापासून आमच्या घरात त्याचीच धास्ती. फी चुकली तर नाव कमी होईल. त्यासाठी आई अंडी विकायची, आबा मुकादमाच्या विनवण्या करायचे.

"आणि माझं नाव?"

"तू तं हायेस, बाय. तुजी उद्या भरली तरी चालंल, असा वाटला मना. त्याची कोन भरंल?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. मेलेल्याचं नाव पटावर ठेवायला माझं वर्ष बुडवायला निघाले, असं वाटलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीच्या फळीला धरून उभे होते, चोरी पकडली गेल्यासारखे. माझा राग जिरला आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

कारकुनाने माझं पत्र घडी करून बाजूला सारलं. आत हेडमास्तरांना विचारून आला आणि म्हणाला, "फाडलेली पावती बदलता येत नाही. पण दोन अर्ज द्या. पहिला, मुलगा वारला त्या तारखेपासून त्याचं नाव कमी करावं. दुसरा, त्यानंतर त्याच्या नावे जमा झालेली फी बहिणीच्या नावे वळती करावी. पहिला मंजूर झाल्याशिवाय दुसरा करता येत नाही. ते झालं की दुरुस्त उतारा देतो, मग फॉर्म भरू."

कागद त्यानेच दिला. अर्ज मी लिहिले. आदल्या रात्री एवढी झरझर चाललेली माझी टाकाची निब 'मयत' या शब्दाशी अडली. कारकुनाने पाण्याचा पेला पुढे केला. मी दोन्ही अर्ज आबांना वाचून दाखवले.

"म्हंजी आता त्याचा नाव ऱ्हानार नाय," आबा म्हणाले.

"नाही, आबा."

कारकुनाने शाईची गादी सरकवली. आबांनी अंगठा टेकवला आणि कागदावर आणला, पण तो खाली जाईना. मला म्हणाले, "बाय, तूच कर सही."

"पालकांचाच अंगठा लागतो," कारकून हळूच म्हणाला.

बाहेर फॉर्मसाठी पोरापोरींची रांग लागली होती. आबा कागदाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मग मी त्यांचा अंगठा माझ्या हातात घेतला. मिठाने चिरलेला, जाड, गार. तो माझ्या भावाच्या नावाखाली ठेवला आणि वरून दाबला.